हायड्रॉलिक सर्किटची आकृती कशी वाचावी: पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि बलाचा हिशेब

हायड्रॉलिक सर्किटची आकृती शिकताना बहुतेक जण चिन्हांची नावे पाठ करण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. वास्तविक चिन्हे मोजकीच असतात आणि थोड्या सरावाने ती डोळ्यांत बसतात. अवघड असते ते आकृतीतल्या कोणत्याही रेषेवर बोट ठेवून या क्षणी इथून तेल कोणत्या दिशेने जात आहे, त्याला पुढे वाट आहे की नाही, आणि त्यामुळे इथला दाब किती असेल, हे सांगणे. ते जमले की आकृती वाचता आली असे समजावे. म्हणून या लेखात अनेक सर्किटांची ओळख करून देण्याऐवजी एकच सर्किट घेतले आहे आणि ते टाकीपासून सिलिंडरपर्यंत क्रमाने काढत, प्रत्येक टप्प्यावर आकडे मांडत पुढे नेले आहे.

आपले यंत्र म्हणजे बेअरिंग दाबून बसवणारी एक आडवी प्रेस आहे. तिला ११० किलोन्यूटन बल हवे आहे आणि ३०० मिलिमीटरचा स्ट्रोक हवा आहे. त्यासाठी १०० मिलिमीटर बोअर आणि ५६ मिलिमीटर व्यासाचा रॉड असलेला दुहेरी क्रियेचा सिलिंडर निवडला आहे. तेल पुरवण्यासाठी एका फेऱ्यात १५ घन सेंटीमीटर तेल ढकलणारा गिअर पंप आहे आणि तो मिनिटाला १४४० फेरे फिरणाऱ्या विद्युत मोटरला जोडलेला आहे. मागेपुढे नेण्याचे काम सोलेनॉइडवर चालणारा दिशानियंत्रक व्हॉल्व्ह करतो.

## टाकी, पंप आणि मोटर

कागदाच्या तळाशी, वरची बाजू उघडी असलेला एक आयत काढावा. ही टाकी. परतीची रेषा टाकीच्या तोंडापाशी न थांबवता आयताच्या आत खोलवर न्यावी, कारण त्याचा अर्थ पाइपचे टोक तेलाच्या पातळीखाली आहे असा होतो. पातळीच्या वर सोडलेले परतीचे तेल फेस करते, आणि फेसाळ तेल पंपात शिरले की आवाज आणि झीज दोन्ही वाढतात. एकाच आकृतीत टाकीचे चिन्ह सोयीनुसार अनेक ठिकाणी काढले जाते. त्या अनेक टाक्या नसून ती एकच टाकी असते, एवढे लक्षात ठेवावे.

टाकीच्या वर पंपाचे वर्तुळ येते. वर्तुळाच्या आत एक भरीव त्रिकोण असतो आणि त्याचे टोक बाहेर जाणाऱ्या रेषेकडे असते. त्रिकोणाचे टोक आत, म्हणजे वर्तुळाच्या केंद्राकडे वळलेले असेल, तर ते चिन्ह पंपाचे नसून हायड्रॉलिक मोटरचे असते. त्रिकोण भरीव नसून पोकळ असेल, तर माध्यम तेल नसून हवा आहे असे समजावे. वर्तुळावरून तिरका बाण गेलेला असेल, तर पंपाचा पुरवठा कमीजास्त करता येतो. आपल्या पंपावर असा बाण नाही, म्हणजे तो फिरत असेपर्यंत तेवढेच तेल ढकलत राहणार. हा न काढलेला बाण पुढे दिशानियंत्रक व्हॉल्व्हच्या निवडीवर परिणाम करणार आहे. चिन्हांचे हे संकेत आयएसओ १२१९ या मानकात ठरलेले आहेत, त्यामुळे कोणत्याही उत्पादकाची आकृती असली तरी ती याच पद्धतीने वाचता येते.

पुरवठ्याचा हिशेब सोपा आहे. १५ घन सेंटीमीटर गुणिले १४४० म्हणजे मिनिटाला २१.६ लिटर. दाबाखाली काही तेल पंपाच्या आतल्याआत मागे गळते, म्हणून प्रत्यक्ष पुरवठा मिनिटाला २० लिटर धरू. येथे एक गोष्ट पक्की करून घ्यावी: पंप दाब निर्माण करत नाही, तो प्रवाह निर्माण करतो. प्रवाहाला पुढे अडथळा आला की त्या अडथळ्याच्या प्रमाणात दाब चढतो. सिलिंडर मोकळा पुढे सरकत असताना गेजचा काटा जेमतेम हलतो आणि बेअरिंग दाबले जाऊ लागताच तो चढू लागतो, याचे कारण हेच आहे. पंपात दोष असल्याची शंका घेण्यापूर्वी हे तत्त्व आठवावे.

## दाबाची कमाल मर्यादा ठरवणारा रिलीफ व्हॉल्व्ह

पंपातून निघालेल्या रेषेला, दुसरा कोणताही व्हॉल्व्ह येण्यापूर्वी, एक फाटा काढून टाकीकडे न्यावा आणि त्या फाट्यावर रिलीफ व्हॉल्व्हचे चिन्ह काढावे. हे चिन्ह म्हणजे एकच चौकोन असतो. त्यात एक बाण असतो, पण तो येणाऱ्या आणि जाणाऱ्या रेषेच्या सरळ ओळीत नसतो, थोडा बाजूला सरकलेला असतो. म्हणजे एरवी वाट बंद आहे. चौकोनाच्या एका बाजूला स्प्रिंग असते आणि समोरच्या बाजूला आत येणाऱ्या रेषेपासून निघालेली तुटक रेषा टेकलेली असते. तुटक रेषा ही इशाऱ्याची, म्हणजे पायलट लाइन असते. तिच्यातून काम करणारे तेल वाहत नाही, फक्त दाब पोहोचतो. हा दाब स्प्रिंगपेक्षा भारी झाला की बाण सरकून रेषेच्या ओळीत येतो आणि तेल टाकीत जाते. स्प्रिंगवरून गेलेला तिरका बाण सांगतो की तिचा ताण स्क्रूने बदलता येतो.

याच्यासारखेच दिसणारे दाब घटवणाऱ्या व्हॉल्व्हचे चिन्ह ओळखण्यात पुष्कळांची चूक होते. त्यात बाण आधीच ओळीत असतो, म्हणजे वाट उघडी असते, आणि तुटक रेषा बाहेर जाणाऱ्या बाजूकडून घेतलेली असते. तुटक रेषा कुठून निघते हे पाहिले तर गोंधळ होत नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामध्ये कधीही बंद करता येणारा कॉक काढू नये. तो चुकून बंद राहिला, तर पंपाने ढकललेल्या तेलाला कुठेच वाट उरत नाही आणि जे सर्वांत दुबळे असेल ते फुटते. रिलीफचा दाब किती ठेवायचा, हे ठरवण्यासाठी आधी सिलिंडरकडे जावे लागेल.

## सिलिंडर आणि बलाची वाढ

दुहेरी क्रियेच्या सिलिंडरचे चिन्ह म्हणजे लांबट आयत, त्यात आडवी भिंत असावी तसा पिस्टन आणि एका बाजूने बाहेर आलेला रॉड. पिस्टनच्या दोन्ही बाजूंना एकेक पोर्ट असतो. डाव्या बाजूला रॉड नाही, तिथे पिस्टनचे पूर्ण क्षेत्रफळ तेलाला मिळते. उजव्या बाजूला मधला भाग रॉडने व्यापलेला असतो, त्यामुळे तिथे फक्त कड्याच्या आकाराचे क्षेत्रफळ उरते.

१०० मिलिमीटर बोअरचे पूर्ण क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर येते. ५६ मिलिमीटर रॉडचे क्षेत्रफळ २४.६ चौरस सेंटीमीटर आहे. ते वजा केले की रॉडच्या बाजूला ५३.९ चौरस सेंटीमीटर उरते. आता सूत्र एकच:

```
बल (न्यूटन) = दाब (बार) × क्षेत्रफळ (चौ. सेंमी) × १०
```

आपल्याला ११० किलोन्यूटन हवे आहेत. १,१०,००० ला ७८५ ने भागले की १४० बार येतात. पण पिस्टनच्या सीलचे घर्षण असते, आणि रॉडच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या तेलाला पाइप व व्हॉल्व्हमधून जाताना थोडा उलटा दाब सोसावा लागतो. त्यासाठी जागा सोडून रिलीफ १६० बारवर लावू. या दाबाला पुढे जाताना बल सुमारे १२५.६ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ १२.८ टनांच्या वजनाइतके मिळते. मागे येताना त्याच दाबाला ८६ किलोन्यूटनच मिळतात. म्हणून ज्या दिशेला खरे काम आहे, त्या दिशेला पूर्ण क्षेत्रफळ येईल अशाच रीतीने सिलिंडर बसवावा.

आता प्रश्न असा की एवढे बल आले कुठून. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम पाठ्यपुस्तकात असतोच, आणि १७९५ साली जोसेफ ब्रामा यांनी त्यावर आधारलेल्या प्रेसचे पेटंट घेतले. त्यांची मांडणी दोन पिस्टनांची होती. २० मिलिमीटरच्या पिस्टनवर ५०० न्यूटनचा जोर दिला आणि त्याच तेलाला १०० मिलिमीटरचा पिस्टन जोडला, तर क्षेत्रफळाचे गुणोत्तर २५ असल्यामुळे दुसरीकडे १२,५०० न्यूटन मिळतात. मात्र लहान पिस्टन २५ मिलिमीटर दाबला तेव्हा मोठा एकच मिलिमीटर सरकतो. बल वाढते तेवढेच अंतर कमी होते. ऊर्जा वाढत नाही.

आपल्या सर्किटमध्ये लहान पिस्टन दिसत नाही, म्हणून विद्यार्थ्यांना हा नियम इथे कसा लागू होतो ते उमजत नाही. त्या पिस्टनची जागा पंपाने घेतली आहे. पंपाच्या एका फेऱ्याचा हिशेब मांडून पाहू, गळती क्षणभर बाजूला ठेवून. १६० बार दाबावर १५ घन सेंटीमीटरचा पंप फिरवायला शाफ्टवर साधारण ३८.२ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. एका फेऱ्यात तो टॉर्क २४० ज्यूल काम करतो. त्याच फेऱ्यात सिलिंडरमध्ये १५ घन सेंटीमीटर तेल शिरते आणि पिस्टन १.९ मिलिमीटर पुढे सरकतो. १२५.६ किलोन्यूटन गुणिले १.९१ मिलिमीटर म्हणजे पुन्हा २४० ज्यूल. एका बाजूला दोन हातांनी मोठ्या पान्यावर देता येईल एवढा पीळ, दुसऱ्या बाजूला १२ टनांहून जास्त बल, आणि मधला सगळा फरक अंतरात फेडलेला. बलाची वाढ व्हॉल्व्ह करत नाही आणि दाबही आपोआप करत नाही. पंपाच्या फेऱ्यातले थोडे तेल आणि पिस्टनचे मोठे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरातून ती येते.

वेगही याच क्षेत्रफळावरून निघतो. मिनिटाला २० लिटर तेल ७८.५ चौरस सेंटीमीटरवर पसरले की पिस्टन सेकंदाला ४.२ सेंटीमीटर पुढे जातो आणि ३०० मिलिमीटरचा स्ट्रोक सुमारे ७ सेकंदांत पुरा होतो. परतीला क्षेत्रफळ कमी असल्यामुळे तोच प्रवास ५ सेकंदांत होतो. मोटरसाठी १६० बार गुणिले २० लिटर भागिले ६०० म्हणजे ५.३ किलोवॉट, पंपाची एकूण कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ६.३ किलोवॉट लागतात, म्हणून ७.५ किलोवॉटची मोटर घ्यावी.

## प्रवाहाला दिशा देणारा व्हॉल्व्ह

सर्किटमध्ये तीन-चार व्हॉल्व्ह असले तरी तेल कोणत्या पोर्टकडे जाणार हे ठरवणारा एकच असतो: दिशानियंत्रक व्हॉल्व्ह. रिलीफ व्हॉल्व्ह दाब मर्यादेत ठेवतो, प्रवाह नियंत्रक व्हॉल्व्ह वेग ठरवतो, चेक व्हॉल्व्ह उलटा प्रवाह अडवतो. आपल्या सिलिंडरला पुढे ने, मागे आण आणि थांब असे तीन हुकूम द्यायचे आहेत, म्हणून चार पोर्ट व तीन स्थितींचा व्हॉल्व्ह लागतो. त्याला थोडक्यात ४/३ व्हॉल्व्ह म्हणतात. पहिला आकडा पोर्टचा, दुसरा स्थितींचा.

त्याचे चिन्ह म्हणजे एकमेकांना चिकटलेले तीन चौकोन. प्रत्येक चौकोन ही एक स्थिती. चौकोनातले बाण त्या स्थितीत कोणता पोर्ट कोणत्या पोर्टला जोडला जातो ते दाखवतात, आणि इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी रेघ असलेला पोर्ट बंद असतो. बाहेरचे पाइप मात्र एकाच चौकोनाला जोडलेले काढतात: व्हॉल्व्ह विश्रांतीत असताना जो चौकोन लागू असतो त्याला, म्हणजे इथे मधल्या चौकोनाला. खाली डावीकडे पंपाचा पी, खाली उजवीकडे टाकीचा टी, वर डावीकडे ए आणि वर उजवीकडे बी. ए सिलिंडरच्या पूर्ण क्षेत्रफळाच्या बाजूला, बी रॉडच्या बाजूला.

दोन्ही टोकांना सोलेनॉइडचा छोटा आयत असतो, त्यात एक तिरकी रेघ असते, आणि त्याच्या शेजारी नागमोडी स्प्रिंग. वाचण्याचा नियम असा की पाइप जागच्या जागी राहतात आणि चौकोनांची पट्टी सरकत्या खिडकीसारखी सरकते. डावा सोलेनॉइड चालू झाला की तो पट्टीला उजवीकडे ढकलतो आणि डावा चौकोन पाइपांसमोर येतो. म्हणजे जो सोलेनॉइड चालू, त्याच्या लगतचा चौकोन लागू. आपल्या डाव्या चौकोनात दोन समांतर बाण आहेत, पी पासून ए कडे आणि बी पासून टी कडे. पिस्टन पुढे जातो. उजव्या चौकोनात बाणांची फुली आहे, पी पासून बी कडे आणि ए पासून टी कडे. पिस्टन मागे येतो. दोन्ही सोलेनॉइड बंद झाले की स्प्रिंग पट्टीला मधोमध आणतात.

## मधल्या चौकोनात काय काढायचे

४/३ व्हॉल्व्हच्या निवडीत खरा विचार इथे करावा लागतो, आणि घाईने केलेल्या आकृत्यांत चूकही इथेच आढळते. सर्व पोर्ट बंद असलेला मध्य कागदावर सुरक्षित वाटतो, कारण सिलिंडर जागीच राहतो. पण आपला पंप ठरावीक पुरवठ्याचा आहे. व्हॉल्व्ह मध्यात असताना पी बंद असेल, तर मिनिटाला २० लिटर तेल १६० बारवर रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीत जात राहते. म्हणजे कामाविना ५.३ किलोवॉट सतत उष्णतेत जातात. टाकीत ६० लिटर तेल असेल, तर बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली असता त्याचे तापमान मिनिटाला सुमारे ३ अंशांनी चढते. दहा मिनिटांत तेल ३० अंशांनी तापते, पातळ होते, गळती वाढते आणि सील कडक पडू लागतात.

म्हणून आपल्या प्रेससाठी मधल्या चौकोनात पी आणि टी जोडलेले, ए आणि बी बंद असा मध्य काढावा. त्याला टँडम सेंटर म्हणतात. विश्रांतीत पंपाचे तेल पाइप व व्हॉल्व्हच्या अडथळ्यापुरत्या काही बार दाबावर टाकीत परतते, मोटरवर भार जवळजवळ राहत नाही, आणि सिलिंडरही थांबलेला राहतो. पंप बदलत्या पुरवठ्याचा व दाब भरपाईचा असता, तर बंद मध्य योग्य ठरला असता, कारण तो पंप दाब चढताच स्वतःहून पुरवठा कमी करतो. एकच पंप अनेक सिलिंडरांना समांतर पुरवतो तिथेही टँडम सेंटर चालत नाही: एक व्हॉल्व्ह मध्यात असला तरी सगळे तेल त्यातून टाकीत निसटते आणि बाकीच्यांना दाबच मिळत नाही.

## तीन स्थितींत तेलाचा माग काढणे

आकृती पुरी झाली की तिच्या तीन प्रती घ्याव्यात आणि प्रत्येकीवर एकेक स्थिती रंगवावी: पंपाचा दाब लाल रंगाने, टाकीकडे जाणारे तेल निळ्याने. रंगवताना एखादा लाल पाइप कुठेच संपत नसेल किंवा निळ्याला वाट सापडत नसेल, तर चूक त्याच ठिकाणी असते.

पुढे जाताना पंपातून २० लिटर आत जातात, पण रॉडच्या बाजूने बाहेर फक्त १३.७ लिटर येतात, कारण तिथले क्षेत्रफळ कमी आहे. मागे येताना उलट घडते. रॉडच्या बाजूला २० लिटर शिरतात आणि पूर्ण बाजूने २९ लिटर बाहेर ढकलले जातात. म्हणजे पंप मिनिटाला २० लिटरचा असूनही ए ते टी ही वाट, परतीचा पाइप आणि परतीचा फिल्टर यांना २९ लिटर पेलावे लागतात. पंपाच्या आकड्यावरून फिल्टर निवडला, तर प्रत्येक परतीला तो गुदमरतो आणि त्याचा बायपास उघडून मळके तेल तसेच टाकीत जाते. फिल्टरचे चिन्ह म्हणजे टोकावर उभा चौकोन आणि त्यात वाहण्याच्या दिशेला आडवी तुटक रेषा. ते परतीच्या रेषेवर काढून शेजारी २९ हा आकडा लिहून ठेवावा.

क्षेत्रफळांच्या या फरकाची एक धोकादायक बाजू आहे. वेग कमी करण्यासाठी रॉडच्या बाजूने बाहेर येणाऱ्या तेलावर प्रवाह नियंत्रक व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे बीच्या पाइपवर अरुंद वाट आणि तिला समांतर चेक व्हॉल्व्ह काढला, असे समजा. तो फार आवळला आणि रॉडपुढे काहीच भार नसेल, तर पूर्ण बाजूचे १६० बार रॉडच्या बाजूच्या लहान क्षेत्रफळाने तोलावे लागतात. तिथला दाब १६० गुणिले ७८.५ भागिले ५३.९, म्हणजे २३३ बार होतो. रिलीफ व्हॉल्व्ह पंपाच्या बाजूला असल्यामुळे त्याला हे कळतच नाही, आणि पंपाच्या रेषेवरचा गेज १६० च दाखवतो. बी बाजूची होज २१० बारची असेल, तर ती मर्यादेबाहेर काम करत असते. बलाचा गुणाकार करणारे गुणोत्तर इथे दाबाचा गुणाकार करते, म्हणून अशा सर्किटमध्ये रॉडच्या बाजूची होज, फिटिंग आणि सील या वाढलेल्या दाबाला पुरतील असेच घ्यावेत.

## पहिल्यांदा चालू करताना

रिलीफचा स्क्रू पूर्ण सैल करून सुरुवात करावी. मोटर क्षणभर चालू-बंद करून फिरण्याची दिशा पंपावरच्या बाणाशी जुळते का ते पाहावे. उलटा फिरणारा गिअर पंप कोरडा राहतो आणि थोड्याच वेळात खराब होतो. पी आणि टी यांचे पाइप अदलाबदल झालेले नाहीत हे पुन्हा तपासावे, कारण अनेक व्हॉल्व्हमध्ये टी पोर्टची दाबक्षमता इतर पोर्टांपेक्षा कमी असते.

यानंतर मोटर चालू केली की गेज काही बार दाखवेल. टँडम सेंटरमध्ये हे अगदी बरोबर आहे, आणि इथे होणारी चूक गंभीर असते: गेज चढत नाही म्हणून नवखा माणूस रिलीफचा स्क्रू आवळत जातो. तेल मधल्या चौकोनातून मोकळे वाहत असल्यामुळे काटा हलत नाही, आणि नंतर सोलेनॉइड चालू करताच दाब एकदम धोक्याच्या आकड्याला जातो. योग्य क्रम असा की आधी डावा सोलेनॉइड चालू करावा, स्क्रू थोडा आवळून पिस्टनला सावकाश स्ट्रोकच्या टोकाला टेकू द्यावे, आणि तो टेकलेला असतानाच स्क्रू हळूहळू आवळत १६० बारवर आणून नट घट्ट करावा. तेल तापत असल्यामुळे हे काम लवकर आटोपावे.

सोलेनॉइड चालू करूनही सिलिंडर हलला नाही, तर सोलेनॉइडच्या टोकाची हाताने दाबायची पिन दाबावी. त्यावर सिलिंडर हलला, तर दोष विजेच्या बाजूला आहे. हलला नाही आणि गेजही खाली आहे, तर टाकीत परतीचा प्रवाह येतो का ते पाहावे. येत असेल, तर पंप चालतो आहे आणि तेल बहुधा कचऱ्याने उघड्या राहिलेल्या रिलीफमधून किंवा दिशानियंत्रक व्हॉल्व्हच्या न सरकलेल्या स्पूलमधून, म्हणजे त्याच्या आतल्या सरकत्या दांड्यातून, निसटते आहे. येत नसेल, तर कपलिंग, फिरण्याची दिशा आणि तेलाची पातळी तपासावी. बिनभाराचा वेग ठीक आणि भाराखाली मंद, अशी तक्रार असेल, तर पंपाची झीज किंवा पिस्टनचे सील यांतले एक कारण असते. सील तपासण्यासाठी पिस्टन पूर्ण बाहेर न्यावा, मोटर बंद करून दाब सोडावा, रॉडच्या बाजूची होज काढून तिचे तोंड बंद करावे, आणि मग डावा सोलेनॉइड चालू करून पुन्हा दाब द्यावा. उघड्या पोर्टमधून सतत तेल येत राहिले, तर सील गेले आहे. गळती शोधताना हात कधीही फिरवू नये. दाबाची बारीक धार कातडीच्या आत तेल घुसवते आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

## हेच सर्किट उभ्या प्रेसला चालेल का

चालणार नाही, निदान जसेच्या तसे नाही. दिशानियंत्रक व्हॉल्व्हचा स्पूल त्याच्या भोकात मोकळा सरकावा म्हणून बारीक फट ठेवलेली असते, त्यामुळे बंद पोर्टमधूनही थोडे तेल झिरपते. आडव्या प्रेसमध्ये त्याने बिघडत नाही. पण सिलिंडर रॉड खाली करून उभा बसवला आणि रॉडला २० किलोन्यूटनचे हत्यार लटकले असेल, तर व्हॉल्व्ह मध्यात असताना रॉडच्या बाजूला ३७ बार दाब कायम अडकलेला असतो आणि ते हत्यार हळूहळू खाली सरकते.

यावर बीच्या पाइपवर पायलटने उघडणारा चेक व्हॉल्व्ह काढतात. त्याचे चिन्ह म्हणजे बैठकीवर टेकलेला गोळा आणि एच्या पाइपापासून आलेली तुटक रेषा. तो मात्र टँडम सेंटरबरोबर जोडू नये. मध्यात ए बंद असल्यामुळे पायलट लाइनमधला दाब अडकून राहू शकतो आणि चेक व्हॉल्व्ह बैठकीवर नीट बसत नाही. त्यासाठी चारही पोर्ट एकमेकांना आणि टाकीला जोडणारा मध्य घ्यावा. त्यात पंपही मोकळा होतो आणि पायलटचा दाबही उतरतो.

एवढ्याने भार धरून ठेवता येतो, पण तो उतरवताना नवी अडचण येते. खाली येताना भार पंपाच्या तेलापुढे धावतो, एमधला दाब पडतो, चेक व्हॉल्व्ह मिटतो, दाब पुन्हा चढतो, तो पुन्हा उघडतो, आणि सिलिंडर धक्के देत उतरतो. जिथे भार स्वतःहून पुढे पळतो, तिथे चेक व्हॉल्व्हऐवजी बाहेर पडणाऱ्या तेलाला ठरावीक दाबाने अडवून भाराला आवरणारा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह घ्यावा आणि भारामुळे येणाऱ्या दाबाच्या साधारण १.३ पट, म्हणजे आपल्या उदाहरणात ४८ बारच्या आसपास लावावा.